गुळाऱ्याच्या सहलीचं टिपण

लोधीपुऱ्यात कुणाच्या घरी पाहुणे उतरले आणि त्यांना एक दिवस कुठंतरी फिरवून आणायचं ठरलं, की घरातला कर्ता माणूस संध्याकाळी दिगंबर महाजनाच्या ओट्यावर येऊन बसायचा. चहा व्हायचा. मग दिगंबर चार प्रश्न विचारायचा. माणसं किती? सगळ्यांत म्हातारं कोण, त्याला किती चालवतं? सगळ्यांत लहान कोण, ते दुपारी किती वाजता झोपतं? आणि बायका किती?

“बायका किती, हे कशाला रे?” एखादा हसून विचारी.

“पुरुष कुठंही आडोसा शोधतात. बायकांना पाण्याजवळचा आडोसा लागतो. ती जागा आधी पाहावी लागते,” दिगंबर न हसता सांगे.

दुसऱ्या दिवशी टिपण तयार. दिगंबर सरकारी बांधकामाच्या कचेरीत ट्रेसर होता. साहेब लोकांनी काढलेले रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे मेणकापडावर गिरवायचे, हे त्याचं काम. मेणकापडाचे वाया गेलेले तुकडे तो घरी आणायचा आणि त्यांच्यावर बारीक, सरळ अक्षरात सहलीची टिपणं करायचा. डावीकडे वेळ, मधे जागा, उजवीकडे तीन रकाने: म्हातारे, मोठे, पोरं. कोणत्या वेळी कोण काय करतंय, हे त्यात लिहिलेलं. राजघाटावर नावेत बसायचं तर सकाळी आठच्या आत, मग नदीच्या वाळूत चटके बसतात. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत जायचं तर भेंड्या आणि सागरगोटे दुपारच्या जेवणानंतर, कारण पोरं तेव्हा चिडतात. इच्छापूरच्या देवीला जायचं तर आजोबांना पायऱ्यांच्या खालीच बसवायचं, पण एकटं नाही, तंबाखू खाणारा एक सोबती देऊन.

त्याचा नियम एकच होता आणि तो साऱ्या गल्लीला पाठ झाला होता: जागा म्हाताऱ्यांच्या पायांवरून ठरवायची, वेळ पोरांच्या झोपेवरून आणि मुक्काम बायकांच्या पाण्यावरून. बाकीच्यांचं काय, ते कुठंही खूश असतात.

आणि गंमत अशी, की एवढ्या लोकांना त्यानं फिरवून आणलं, पण स्वतःच्या आईला काही नेलं नव्हतं.

मथुराबाईंचं माहेर गुळाऱ्याच्या महालाजवळच्या खेड्यातलं. उतावळी नदीवर बांध घातलेला, दोन्ही काठांवर एकेक महाल, आणि बांधावरून पाणी चादरीसारखं खाली पडतं. लहानपणी त्या पाण्याखाली डोकं धरून त्या उभ्या राहायच्या. लग्न होऊन बऱ्हाणपुरात आल्या त्याला पंचावन्न वर्षं झाली. माहेरी जाणं झालं ते लग्नकार्याला, मयताला. महालाकडे वळायला कुणाला सवड? आता गुडघे गेले होते. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायच्या. मागायच्या मात्र काही नाहीत. फक्त दिगंबर दुसऱ्या कुणाचं टिपण करत बसला, की पलंगावरून विचारायच्या, “कुठं चालले रे हे?” आणि जागा ऐकून म्हणायच्या, “हं. गुळाऱ्याले नाही का जात कोनी?”

त्या वर्षी मार्गशीर्षात दिगंबरनं ठरवलं, की न्यायचंच. ठरवायला कारणही होतं. राज्यांची मोडजोड होऊन एक वर्ष झालं होतं. नागपूर मुंबईकडे गेलं होतं आणि कचेरीतले जे कागद पूर्वी नागपूरला जायचे, ते आता भोपाळला जात होते. चार राज्यांचे नोकर एकाच यादीत बसवायचं काम चाललं होतं. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, आणि कोण कुठल्या गावाला. कचेरीत सगळे त्याला ‘इंटिग्रेशनची लिस्ट’ म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली करायचे. एका ट्रेसरला रिव्याला पाठवलं होतं, एकाला भिंडला. बऱ्हाणपुरात दोन ट्रेसर होते, दिगंबर आणि अरविंद, आणि जागा एकच राहणार होती.

“मी गेलो तर मायचं काय?” दिगंबर रात्री बायकोला म्हणाला.

“त्यांना घेऊन जाऊ,” सुनंदा म्हणाली.

“रिव्याला? इथून इटारसी, इटारसीहून जबलपूर, तिथून सतना, सतन्याहून मोटार. तिला अंगणातली तुळस गाठायला दोन माणसं लागतात.”

“मग आधी गुळारा तर करून टाका. पुढचं पुढं.”

म्हणून त्यानं गुळाऱ्याचं टिपण केलं. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं. अमरावतीच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत मोटार, फाट्यावर मामेभाऊ निंबा बैलगाडी घेऊन उभा. गाडीत कडबा, कडब्यावर गोधडी, मायला पाठ टेकायला धान्याचं पोतं. गाडी थेट बांधापर्यंत जाते, चढ नाही. साडेआठला पोचायचं. पोरांना घोट्याएवढ्या पाण्यात सोडायचं, धाकटा भाऊ रमेश त्यांच्यावर नजर ठेवणार. मायला बांधाच्या खालच्या अंगाला दगडावर, पाय पाण्यात. दहाला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेच्या बट्ट्या, कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी, बाराला वरण-बट्टी आणि भरीत. मग मोठ्यांनी आडवं व्हायचं, पोरांना विटीदांडू. तीनला निंबाच्या शेतात हुरडा. चारला परत, दिवेलागणीला घर. ‘म्हातारे’ या रकान्यात त्यानं नेहमीसारखं ‘म्हातारे’ न लिहिता ‘माय’ लिहिलं होतं.

मथुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मेणकापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “ह्याच्यात मी कुठं हाय?”

दिगंबरनं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग पंधरा दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. शेजारची रंभाबाई ताक द्यायला आली तर तिलाही. “पान्यात पाय सोडून बसणार हाय मी. दिगूनं लिहिलं हाय तसं.”

घोळ घातला तो अरविंदनं. त्यानं वाईट हेतूनं घातला की चांगल्या, हे दिगंबरला पुढंही कधी कळलं नाही.

“अरे महाजन, सहलीला चाललास ना रविवारी? मग साहेबांना बोलव,” दुपारच्या डब्याला अरविंद म्हणाला. नवे साहेब ग्वाल्हेरकडचे, जुन्या मध्यभारतातले. दोन महिने झाले होते येऊन. बायको, दोन मुली. गावात कुणाची ओळख नाही. “त्यांच्या बाईसाहेब कंटाळल्यात असं भिकन शिपाई सांगत होता. यादीवर शेरा तेच मारणार आहेत. एक दिवस तुझ्या हातचं टिपण बघू दे त्यांना.”

“आणि तू रे? तुलाही इथंच राहायचंय.”

“मला कुठं टिपण जमतंय?” अरविंद हसला. “मी आपला नशिबावर.”

दिगंबर दोन दिवस विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी मेणकापडाची सुरळी घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी ते टेबलावर पसरलं आणि खरोखर चकित झाले.

“महाजन बाबू, ये आपने बनाया है? वाह! इतना तो हमारे इंजीनियर भी नहीं सोचते।” मग बोट ठेवून विचारलं, “ये गुलारा क्या है?”

“महल है साब. नदी है. बांध पर से पानी गिरता है.”

“पानी तो हर जगह गिरता है,” साहेब म्हणाले. “असीरगढ़ यहाँ से कितना है? हमारे ग्वालियर का क़िला देखा है आपने? मिसेज़ कहती हैं, यहाँ आकर असीरगढ़ नहीं देखा तो क्या देखा। ऐसा ही प्लान असीरगढ़ का बना दीजिए।”

दिगंबरला म्हणता आलं असतं, की साब, आई म्हातारी आहे, असीरगडाचा चढ तासाभराचा आहे; तुम्ही पुढच्या रविवारी असीरगडला चला, मी टिपण करून देतो, सोबतही येतो. हे वाक्य त्यानं घरी येताना रस्त्यात नीट जुळवलं. साहेबांसमोर तो म्हणाला होता, “जी साब.”

घरी त्यानं आधी सुनंदाला सांगितलं. सुनंदानं पीठ मळता मळता हात थांबवला.

“म्हाताऱ्यांच्या पायांवरून जागा ठरवायची, असं कोण म्हणायचं हो?”

“एकच दिवसाचा प्रश्न आहे. माय इथं राहावी म्हणूनच करतोय ना सगळं? मी इथं राहिलो तर पुढल्या महिन्यात गुळारा. पाणी संक्रांतीनंतरही असतं.”

“मग त्यांना असीरगडला कशाला नेता? घरी राहू दे.”

पण मथुराबाईंनी पलंगावरून सगळं ऐकलं होतं. “येते की मी,” त्या म्हणाल्या. “खालीच बसीन. साहेब मोठा मानूस, त्याच्या मनाचं व्हाले पाह्यजे. गुळारा काय कुठं चालला.” लुगड्याची घडी मोडून, झटकून त्यांनी पुन्हा घातली. “अन् पंधरा दिस सांगतेय लोकांले जाते जाते म्हनून. आता घरी बसली तर रंभी हासंन.”

दिगंबरनं रात्री असीरगडाचं टिपण केलं. ट्रेसरचं डोकं, त्यानं मायची अडचण सोडवूनच टाकली. पायथ्याच्या गावाबाहेर चिंचेचं मोठं झाड आहे. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेकडून जातो. सकाळी सावली वायव्येला, दुपारी उत्तरेला, मग ईशान्येकडे सरकते. झाडाच्या वायव्येला सतरंजी टाकली, तर नऊपासून साडेबारापर्यंत एक कवडसाही अंगावर येणार नाही. सुनंदा मायजवळ राहून बट्ट्या लावील. बाकीचे वर जातील, बाराला खाली उतरतील, साडेबाराला जेवण. चार वाजता खंडव्याकडून येणारी मोटार, पाचला घर. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं: ‘म्हातारे: चिंचेखाली. ९ ते १२॥ सावली.’ या वेळी त्यानं ‘माय’ लिहिलं नाही. साहेब वाचणार होते.

रविवारी पहाटे माणसं सर्व्हिस मोटारीनं निघाली. दिगंबर, सुनंदा, दहा वर्षांची रजनी, तिच्यापाठचे दोन भाऊ, रमेश, आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर मथुराबाई. साहेब मागून जीपनं येणार होते. भिकन शिपाईच जीप चालवायचा. जीपमध्ये साहेब, बाईसाहेब, दोन मुली, थर्मास, पाळणा वाटावा एवढी मोठी टोपली आणि एक कुत्रा.

“माय, ही जागा बघ. पाठीला बुंधा,” चिंचेखाली सतरंजी टाकून दिगंबर म्हणाला. त्यानं आणि रमेशनं तिला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. भोवती भांडी मांडली, वरणाचं पातेलं, तुपाची बरणी, भरिताची वांगी. “इथून हलू नको. आम्ही उतरलो की सरळ इथंच येणार. पाहुण्यांना शोधायला लागता कामा नये.”

“हलते कशाले? हलाले पाय तर पाह्यजे,” मथुराबाई म्हणाल्या आणि रजनीकडे बघून डोळे मिचकावले.

सुनंदानं जरा पलीकडे, वाऱ्याची दिशा बघून गोवऱ्या पेटवल्या. साडेनऊला जीप आली. बाईसाहेब उतरल्या, गडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हाय राम, इतना ऊँचा! भाभीजी, आप नहीं आएँगी तो मैं अकेली औरत क्या करूँगी?”

सुनंदानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं साहेबांकडे पाहिलं.

“चल तू,” दिगंबर म्हणाला. “बट्ट्या निखाऱ्यात दाबून ठेव. बारापर्यंत होतात तशाही. भिकन आहे खाली.”

“अहो, त्या उलटायला लागतात.”

“मी पाहते उलटायचं,” मथुराबाई म्हणाल्या. निखारे त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होते. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वरचा भाग टिपणापेक्षा चांगला झाला. रमेशनं पोरांना मोजायला लावलं, की पायऱ्या किती आणि दरवाजे किती, त्यामुळं ती चढताना रडली नाहीत. मशिदीचे मिनार पाहिले, तलाव पाहिला, महादेवाच्या देवळात रजनीनं साहेबांच्या मुलींना हळू आवाजात सांगितलं, की इथं रोज पहाटे कुणीतरी न दिसणारा येऊन फूल वाहून जातो. त्या मुली घाबरून तिला चिकटल्या आणि मग दिवसभर तिघी सोबत होत्या. साहेब खूश. साहेब प्रत्येक बुरुजावर चढले. प्रत्येक बुरुजावर ग्वाल्हेरच्या किल्ल्याशी तुलना झाली आणि प्रत्येक वेळी ग्वाल्हेर थोडक्यात जिंकला.

सव्वाअकराला दिगंबर म्हणाला, “साब, अब धीरे-धीरे…”

“अरे बाबू, टाइम टेबल रेल का होता है!” साहेब हसले. “वो पीछे की तरफ़ क्या है?”

मागच्या बाजूला गोऱ्यांच्या पडक्या बराकी होत्या. मग थडगी. बाराला बाईसाहेबांना तहान लागली, थर्मास संपला होता. साहेबांनी वरून रुमाल हलवून भिकनला हाक मारायला सांगितलं. रमेश अर्धा गड उतरला, ओरडला, आणि भिकन पाण्याची सुरई घेऊन वर आला. तो वर आला म्हणजे खाली कुणी नाही, हे दिगंबरच्या डोक्यात लख्ख आलं. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. एक वाजत आला होता. आता सावली सरकायला लागली असेल, अंश-अंश, ईशान्येकडे. त्यानं बुरुजावरून चिंच कुठं दिसते का पाहिलं. दिसली, एक हिरवा ठिपका. त्याच्या बाजूला काही पांढरं होतं का, ते इतक्या उंचीवरून कळत नव्हतं.

“रमेश, तू जा खाली,” तो कानात म्हणाला.

“साहेब म्हणतायत ग्रुप फोटो काढायचा,” रमेश म्हणाला. “कॅमेरा मला दिलाय दादा. जाऊ?”

दिगंबर पुढं झाला. फोटोला उन्हाची दिशा पाहावी लागते; ती त्यानंच सांगितली.

ते खाली उतरले तेव्हा तीन वाजत आले होते. मथुराबाई जिथं बसवल्या होत्या तिथंच बसल्या होत्या, बुंध्याला टेकून, भांड्यांच्या मधोमध, पूर्ण उन्हात. सावली दहा हात पलीकडे, झाडाच्या दुसऱ्या अंगाला रिकामी पडली होती. त्यांनी पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला होता. वरणाच्या पातेल्यावर स्वतःच्या अंगावरची शाल झाकली होती, आंबू नये म्हणून. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता, पण भरलेलाच होता. पाहुण्यांच्या आधी या घरात कुणी तोंड ओलं करत नसे. तो नियम त्यांनीच या घरात आणला होता.

निखाऱ्यातल्या बट्ट्या एका बाजूनं कोळसा झाल्या होत्या. जमिनीवर सतरंजीच्या काठापासून निखाऱ्यांच्या दिशेनं हातभर माती घासल्यासारखी दिसत होती. त्यांनी सरकून बघितलं होतं आणि मग परत आपल्या जागी आल्या होत्या.

“माय!” दिगंबर धावला.

“आले का?” त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. “बट्ट्या जळल्या रे. माझ्यानं झालं नाही. पाव्हण्यायले वाढ आधी.”

सुनंदानं त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. दिगंबरनं आणि रमेशनं सतरंजीसकट त्यांना उचलून सावलीत नेलं. कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं.

साहेबांनी जळकी बाजू काढून बट्टी खाल्ली, भरिताची तारीफ केली. “थोड़ी जल गई, पर इसी में देहात का स्वाद है।” मग मथुराबाईंकडे बघून अदबीनं म्हणाले, “माताजी ऊपर नहीं आईं? अरे, बहुत बढ़िया जगह है।”

चारची मोटार गेली तेव्हा साहेब ताटावर होते. पुढची दिवेलागणीनंतर. साडेचारला साहेबांनी हात धुतले, पोरींना जीपमध्ये चढवलं. टोपली, थर्मास, कुत्रा. भिकननं जीप सुरू न करता दिगंबरकडे पाहिलं. म्हातारीला पुढच्या सीटवर बसवता येईल, टोपली मांडीवर घेतली तर. त्यानं तसं डोळ्यांनी विचारलंही. एक शब्द बोलायचा होता. साहेब नाही म्हणाले नसते. वाईट माणूस नव्हता तो.

“महाजन बाबू, यादगार दिन था,” साहेब म्हणाले. “आपका काम मेरे ध्यान में रहेगा।”

हे ऐकलं आणि दिगंबरनं नुसते हात जोडले. आता इतकं जुळून आल्यावर शेवटी कशाला अडचण सांगायची, असं त्याला वाटलं. जीप धूळ उडवत गेली. ते सात जण रस्त्याकडेला बसून राहिले. थंडी पडायला लागली आणि मथुराबाई तापानं थरथरायला लागल्या. रजनी आजीचे पाय चेपत होती.

“आज्जी, मजा आली का?”

“आली ना बाई. चिंच किती मोठी होती.”

ताप आठ दिवसांनी गेला. उठून भिंतीला धरून चालायच्या, तेवढं मात्र परत आलं नाही. दिगंबरनं संक्रांतीनंतरचे दोन रविवार गुळाऱ्यासाठी मोकळे ठेवले. दोन्ही वेळा सुनंदा म्हणाली, की बसवत नाही त्यांना, गाडीत कुठं नेता.

फाल्गुनात यादी आली. अरविंद बऱ्हाणपुरातच राहिला. दिगंबर महाजन, ट्रेसर: रिवा.

तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा साहेब कागद बांधत होते. त्यांचीही बदली झाली होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“बैठिए, बैठिए! आपको बताने ही वाला था। मुझे रीवा मिला है, बड़ी जगह है। लिस्ट में आपको यहीं रखा था उन लोगों ने। मैंने कहा, नहीं साहब, महाजन मेरे साथ जाएगा। ऐसा आदमी मैं छोड़ूँगा?” त्यांनी टेबलाच्या खणातून मेणकापडाचा तुकडा काढला. असीरगडाचं टिपण होतं. “ये मैंने भोपाल में दिखाया है।”

दिगंबर उभाच होता. काय बोलायचं ते त्यानं या वेळी रस्त्यात जुळवलं नव्हतं. “जी साब,” तो म्हणाला.

निघायच्या आदल्या रविवारी तो मायच्या पलंगावर बसला. चैत्र लागला होता. “आज जाऊ या गुळाऱ्याला. निंबा गाडी घेऊन दारापर्यंत येतो म्हणाला. झोपूनच जायचं. टिपण करून ठेवलंय.”

“निंबा काल आलता,” मथुराबाई म्हणाल्या. “नदी आटली म्हने. बांध कोरडा हाय.”

“महाल तर आहे.”

“महाल काय करू?” त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “तू चांगलं लिहितो दिगू. पन तू लिहितो तिथंच मानसाले बसा लागतं. आता राहू दे.”

त्या बऱ्हाणपुरातच राहिल्या, रमेशपाशी. निरोपाला लालबागच्या स्टेशनावर येणं शक्यच नव्हतं. पलंगावरूनच त्यांनी नातवंडांच्या हातावर दराब्याचा गोड घास ठेवला.

रिव्याला पावसाळा सरता सरता साहेबांनी दिगंबरला घरी बोलावलं. चचाईचा धबधबा पाहायला जायचं होतं. नवे पाहुणे, तीन कुटुंबं. दिगंबरनं आदल्या आठवड्यात जाऊन जागा पाहून घेतली. नदी एकदम कड्यावरून अडीचशे हातांहून अधिक खोल कोसळत होती, तुषार वरपर्यंत येत होते, आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो काठावर बराच वेळ उभा राहिला. मग पोरं कड्यापासून किती अंतरावर ठेवायची, सावली कुठं, आडोसा कुठं, हे पावलांनी मोजलं.

टिपण पाहून साहेबांनी उजवीकडच्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “ये बूढ़ों का कॉलम निकाल दीजिए। हमारे साथ कोई बूढ़ा नहीं है। जगह बचेगी।”

दिगंबरनं पात्यानं मेणकापडावरची शाई खरवडली. तो रकाना निघाला, पण कापडावर खरखरीत पट्टा राहिला.

त्याच आठवड्यात रमेशचं कार्ड आलं होतं. खुशाली, पाऊस, केळीचा भाव, मायला आता उठून बसवावं लागतं. आणि खाली एक ओळ मायनं सांगून लिहवलेली: ‘माय विचारते, रिव्याला पाणी पडतं का कुठं बांधावरून, आपल्या गुळाऱ्यासारखं.’

दिगंबरनं उत्तराचं कार्ड घेतलं. सगळ्यांची नावं, नमस्कार, पोरांच्या शाळेचं लिहिलं. आजीला जाणारं प्रत्येक पत्र रजनी आधी वाचून घ्यायची, म्हणून तिला बाहेर खेळायला पाठवलं. मग त्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं:

‘मायला सांग, इकडं तसं काही नाही.’